नॅपसॅकचा तक्ता एका पैशाने का कोसळतो: स्यूडो-पॉलिनोमियल वेळ आणि अवाढव्य क्षमता

नॅपसॅक म्हणजे ठरावीक क्षमतेच्या पिशवीत जास्तीत जास्त मूल्याच्या वस्तू भरण्याचा प्रश्न. त्याचं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग शिकवताना शेवटी फळ्यावर `O(nW)` लिहिलं जातं, `n` म्हणजे वस्तूंची संख्या आणि `W` म्हणजे क्षमता, आणि तास संपतो. थोड्या दिवसांनी त्याच वर्गात सांगितलं जातं की नॅपसॅक एनपी-हार्ड आहे आणि त्याला पॉलिनोमियल वेळेत सोडवण्याची रीत कुणालाच माहीत नाही. हुशार विद्यार्थी इथे हात वर करतो: मग ते `nW` काय होतं? `n` गुणिले `W` हा तर सरळसरळ गुणाकार, त्यात घातांक कुठे आहे?

घातांक `W` च्या आत लपलेला आहे. तो बाहेर कसा काढायचा आणि `W` अब्जावधींत गेल्यावर काय करायचं, हे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून पाहू.

उदाहरण

समजा एका प्रभागाला १ कोटी रुपयांचा निधी आहे आणि पाच कामं प्रस्तावित आहेत. प्रत्येक काम पूर्ण घ्यायचं किंवा सोडायचं, अर्धं करता येत नाही. गरजेनुसार प्रत्येक कामाला गुण दिलेत.

- जलकुंभ: ४५ लाख, २७ गुण
- रस्ता: ३६ लाख, २१ गुण
- गटार: ३३ लाख, १९ गुण
- अभ्यासिका: ३० लाख, १७ गुण
- पथदिवे: २४ लाख, १२ गुण

निधीत बसेल अशी, सर्वाधिक गुणांची निवड हवी आहे. इथे कामं म्हणजे वस्तू, खर्च म्हणजे वजन, गुण म्हणजे मूल्य आणि निधी म्हणजे क्षमता. दर लाखामागे सर्वांत जास्त गुण देणारं काम आधी घेत गेलो तर जलकुंभ आणि रस्ता येतात. ८१ लाख संपतात, उरलेल्या १९ लाखांत काहीच बसत नाही आणि गुण होतात ४८. खरं उत्तर रस्ता, गटार आणि अभ्यासिका हे आहे: ९९ लाख, ५७ गुण. म्हणजे हावरी रीत इथे चालत नाही, तक्ता मांडावा लागतो.

```python
def by_weight(w, v, W):
    dp = [0] * (W + 1)
    for wi, vi in zip(w, v):
        for c in range(W, wi - 1, -1):
            dp[c] = max(dp[c], dp[c - wi] + vi)
    return dp[W]
```

`dp[c]` म्हणजे `c` एवढ्या पैशांत मिळणारे जास्तीत जास्त गुण. आतला लूप उलटा चालतो, नाहीतर एकच काम दोनदा घेतलं जाईल. लाखांत मोजलं तर रकाने फक्त १०१. त्यातही पाचही खर्च ३ ने भागले जातात, म्हणून खर्च १५, १२, ११, १०, ८ आणि क्षमता ३३ असं लिहिता येतं. शंभराला तीनने भागून उरलेला १ टाकून दिला तरी बिघडत नाही, कारण कुठलीही बेरीज तीनच्या पटीतच येणार. ती १०० च्या आत असेल तर ९९ च्याही आत असते. आता रकाने ३४. हा तक्ता वहीच्या पानावर मांडता येईल.

आता एक पैसा वाढवा

निविदा आली आणि कर धरून रस्त्याचा खर्च ३६ लाख रुपये १ पैसा झाला. उत्तर बदलत नाही. तीच तीन कामं, एकूण ९९ लाख रुपये १ पैसा, निधीच्या आत. पण हिशोब आता पैशांतच करावा लागतो. १ कोटी रुपये म्हणजे १०० कोटी पैसे, आणि खर्चांचा मसावि ३ कोटी पैशांवरून थेट १ वर येतो, त्यामुळे भागून लहान करण्याची वाट बंद होते.

३४ रकान्यांच्या जागी १०० कोटी आणि एक रकाना. पायथॉनच्या यादीत प्रत्येक घराला ८ बाइट लागतात, म्हणजे नुसती यादी उभी करायलाच ८ जीबी. बहुतेक लॅपटॉपवर प्रोग्रॅम इथेच `MemoryError` देईल, किंवा मशीन स्वॅपमध्ये जाऊन गोठेल. मेमरी असली तरी आतला लूप सुमारे ३३२ कोटी वेळा फिरतो. सी++ मध्ये ४ बाइटचे आकडे वापरून हे काही सेकंदांत उरकेलही, म्हणून कुणी म्हणेल की भाषा बदला. तर मग प्रभागाऐवजी १ लाख कोटी रुपयांचा निधी घ्या. पैशांत तो होतो १०<sup>१४</sup>, आणि ८ बाइटच्या घरांचा तक्ता होतो ८०० टेराबाइटचा. इथे कुठलीही भाषा कामाची नाही.

पाच कामं पाचच राहिली. प्रश्न अवघड झाला असं माणसाला वाटतसुद्धा नाही. मग वाढलं काय?

इनपुटचा आकार म्हणजे अंकांची संख्या

एखादी रीत पॉलिनोमियल आहे म्हणताना तिचा वेळ इनपुटच्या लांबीशी ताडून पाहतात. लांबी म्हणजे इनपुट लिहायला लागणारे बिट. क्षमता ३३ लिहायला ६ बिट लागतात, १०० कोटी लिहायला ३० बिट, आणि त्या ८०० टेराबाइटवाल्या १०<sup>१४</sup> ला ४७ बिट. फाइलमध्ये क्षमतेला एक बिट जास्त लागला की तक्ता दुप्पट होतो. बिटांची संख्या `b` धरली तर `W` साधारण `2^b`, आणि वेळ `n * 2^b`. हाच तो लपलेला घातांक.

म्हणून `O(nW)` ला स्यूडो-पॉलिनोमियल म्हणतात: इनपुटमधल्या आकड्यांच्या मूल्याच्या मानाने पॉलिनोमियल, पण ते आकडे लिहायला लागणाऱ्या जागेच्या मानाने घातांकी. `n` च्या बाबतीत हा घोळ होत नाही, कारण `n` वस्तू म्हणजे फाइलमध्ये खरोखर `n` नोंदी असतात. `W` मात्र एकुलता एक आकडा आहे आणि त्याच्या शेवटी एक शून्य चिकटवायला एकच कळ दाबावी लागते.

आपल्या प्रोग्रॅमला हा रोग आहे का, हे पाहायची एक सोपी चाचणी आहे. सगळे खर्च आणि क्षमता १० ने गुणा आणि पुन्हा चालवा. प्रश्न तोच, उत्तर तेच. वेळ दसपट झाला तर रीत `W` च्या मूल्यावर चालते आहे. वेळ जवळपास तेवढाच राहिला तर ती अंकांच्या लांबीवर किंवा फक्त `n` वर चालते आहे. मसावि काढून भागणारा कोड या चाचणीला फसवतो, म्हणून गुणून झाल्यावर एका खर्चात १ मिळवायचा. आपल्या पैशाने नेमकं तेच केलं.

अवघडपणा अंकांतच का साठतो

रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये ज्या २१ प्रश्नांना एनपी-कम्प्लीट ठरवलं, त्यांत नॅपसॅक होता. पुराव्याचं आजकाल शिकवलं जाणारं रूप पाहिलं की गुपित उलगडतं. तर्कशास्त्रातला थ्री-सॅट प्रश्न घ्यायचा, म्हणजे तीन-तीन चलांच्या सगळ्या अटी एकाच वेळी पाळता येतात का हा प्रश्न, आणि त्याच्या प्रत्येक चलाला व प्रत्येक अटीला दशमान आकड्यातली एकेक जागा द्यायची. प्रत्येक चलासाठी दोन आकडे, प्रत्येक अटीसाठी दोन भरतीचे आकडे. बेरीज ठरलेल्या लक्ष्याला तंतोतंत जुळली तरच सगळ्या अटी पाळल्या गेल्या असं ठरतं. ५० चलं आणि २०० अटी असतील तर ५०० वस्तू होतात आणि प्रत्येक आकडा २५० अंकांपर्यंतचा.

म्हणजे त्या पुराव्यात सगळी माहिती अंकांच्या जागांमध्ये कोंबलेली असते, आणि आकडे राक्षसी झाल्याशिवाय तो पुरावा उभाच राहत नाही. आपल्या तक्त्याला तिथे सुमारे १०<sup>२५०</sup> रकाने लागतील. त्यामुळे `O(nW)` आणि एनपी-हार्ड यांत विरोध नाही. आकडे लहान असतात तेव्हा नॅपसॅक खरोखर सोपा असतो आणि आकडे लांबलचक झाले तरच अवघड होऊ शकतो. अशा प्रश्नांना दुर्बल अर्थाने एनपी-हार्ड म्हणतात. बिन पॅकिंग, म्हणजे वस्तू कमीत कमी डब्यांत बसवणं, यासारखे प्रश्न याच्या उलट: त्यांत आकडे लहान ठेवले तरी सुटका नाही, आणि तिथे अशा तक्त्याची आशाच धरू नये.

आता मोठी क्षमता समोर आली तर काय करायचं, त्या पायऱ्या.

पायरी १: क्षमता खरंच मोठी आहे का ते पाहा

`W` ला `min(W, sum(w))` करा. सगळ्या वस्तू मिळूनही वजन एक लाख होत असेल तर क्षमता १०० कोटी आहे की १०० अब्ज याने फरक पडत नाही, सगळंच उचला. मग एकट्यानेच क्षमतेबाहेर जाणाऱ्या वस्तू काढा. त्यानंतर मसावि काढून भागा. तीन ओळींचं काम आहे, पण आकडे रुपयांतून पैशांत किंवा किलोतून ग्रॅममध्ये नुसते गुणून आलेले असतील तर सगळा प्रश्न इथेच मिटतो.

पायरी २: खर्च राउंड करू नका

मसावि १ आला की पहिला मोह होतो खर्च ढोबळ करण्याचा. आपल्याच उदाहरणात करून पाहू. १० लाखांचं एकक धरून खाली राउंड केलं तर खर्च ४, ३, ३, ३, २ आणि क्षमता १०. तक्ता खुशीत सांगतो: जलकुंभ, रस्ता आणि गटार घ्या, एकूण १०, गुण ६७. प्रत्यक्षात ती रक्कम १ कोटी १४ लाखांच्या वर जाते. उत्तर नुसतं चुकीचं नाही, बेकायदा आहे.

वर राउंड केलं तर रस्त्याचा तो एक पैसा सोडून दिला तरी खर्च ५, ४, ४, ३, ३ होतात. आता निधी कधीच ओलांडला जाणार नाही, पण खरं उत्तर ४ + ४ + ३ = ११ होऊन बाहेर पडतं. तक्त्याला उरलेल्यांत सर्वांत चांगलं सापडतं ते रस्ता, अभ्यासिका, पथदिवे: ५० गुण. ५७ च्या जागी ५०, आणि दुसऱ्या आकड्यांवर किती घट येईल याची काही हमी नाही. खर्चाची बाजू ही कडक अट आहे, तिला ढिलाई सोसत नाही. ढिलाई द्यायचीच तर ती गुणांच्या बाजूला द्यावी लागते, ते पुढे येईल.

पायरी ३: तक्ता गुणांवर फिरवा

खर्च प्रचंड आहेत, पण गुण? सगळे मिळून ९६. मग प्रश्न उलटा विचारू: `s` गुण मिळवायला कमीत कमी किती पैसे लागतील?

```python
def by_value(w, v, W):
    V = sum(v)
    f = [0] + [W + 1] * V
    for wi, vi in zip(w, v):
        for s in range(V, vi - 1, -1):
            f[s] = min(f[s], f[s - vi] + wi)
    return max(s for s in range(V + 1) if f[s] <= W)
```

आता रकाने ९७. खर्चाचे आकडे रकान्यांच्या संख्येतून निघून रकान्यांच्या आत गेले, आणि आत ३० बिटांचा आकडा मावायला काहीच अडचण नसते. `f[57]` मध्ये ९९ लाख रुपये १ पैसा दिसतो. त्यापुढे एकही रकाना निधीत बसत नाही. १०० कोटी रकाने गेले आणि उत्तर शेवटच्या पैशापर्यंत अचूक राहिलं.

ॲटकोडरच्या डीपी सराव स्पर्धेत डी आणि ई असे लागोपाठ दोन नॅपसॅक आहेत ते यासाठीच. दोन्हींत वस्तू १०० पर्यंत. पहिल्यात क्षमता १०<sup>५</sup> पर्यंत, दुसऱ्यात १०<sup>९</sup> पर्यंत, पण दुसऱ्यात प्रत्येक वस्तूचं मूल्य १,००० च्या आत. प्रश्न वाचताना शब्द नव्हे, या मर्यादा आधी वाचायच्या. सी++ मध्ये लिहिणाऱ्यांनी एवढंच सांभाळावं की ३२ बिटांच्या `int` मध्ये २१४ कोटींच्या थोडं पुढेच मर्यादा संपते. `f` मधला 'अशक्य' दाखवणारा आकडा `INT_MAX` ठेवून त्यात खर्च मिळवला की तो ऋण होतो, आणि `min` त्या ऋण आकड्याला आनंदाने स्वीकारतं. लक्षण: उत्तर नेहमीच शक्यतेपेक्षा जास्त येतं. `long long` वापरा.

अर्थात ही रीतही स्यूडो-पॉलिनोमियलच आहे. घातांक फक्त `W` मधून `V` मध्ये सरकला. गुणांऐवजी रुपयांतला नफा आला की आपण परत तिथेच.

पायरी ४: रिकामे रकाने ठेवूच नका

१०० कोटी रकान्यांपैकी किती रकाने खरे वेगळे होते? पाच कामांच्या निवडी ३२ च आहेत, त्यामुळे `dp` मध्ये जास्तीत जास्त ३२ ठिकाणी आकडा बदलतो. बाकी सगळी शेजारच्या रकान्याची नक्कल. तेव्हा तक्त्याऐवजी फक्त (खर्च, गुण) अशा जोड्यांची यादी ठेवायची, आणि जास्त किंवा तेवढ्याच खर्चात जास्त गुण न देणारी जोडी फेकून द्यायची. नेमहाउझर आणि उलमन यांनी १९६९ मध्ये ही रीत मांडली, तीही भांडवल वाटपाच्या प्रश्नासाठीच.

```python
def pareto(w, v, W):
    L = [(0, 0)]
    for wi, vi in zip(w, v):
        M = L + [(a + wi, b + vi) for a, b in L if a + wi <= W]
        M.sort(key=lambda p: (p[0], -p[1]))
        L, best = [], -1
        for a, b in M:
            if b > best:
                L.append((a, b))
                best = b
    return L[-1][1]
```

जुन्या, पैसा नसलेल्या आकड्यांवर यादी अशी वाढते: सुरुवातीला (०, ०) ही एकच जोडी, जलकुंभानंतर २, रस्त्यानंतर ४, गटारानंतर ७, अभ्यासिकेनंतर १२. पथदिव्यांच्या वेळी निधीत बसणाऱ्या नऊ नव्या जोड्या तयार होतात, पण तीन लगेच बाद होतात. उदाहरणार्थ गटार, अभ्यासिका व पथदिवे मिळून ८७ लाखांत ४८ गुण, आणि तेवढेच गुण जलकुंभ व रस्ता ८१ लाखांत देतात. उरतात १८. रस्त्याला एक पैसा वाढवला की १८ च्या २० होतात, कारण बरोबरीने बाद झालेल्या दोन जोड्या आता एका पैशाने स्वस्त ठरून वाचतात. त्या एका पैशाने आधीच्या तक्त्याचे ३४ रकाने १०० कोटींवर नेले होते, हे आठवा.

कोणती कामं निवडली हे हवं असेल तर जोडीसोबत एक बिटमास्क वाहायचा. मर्यादाही सांगायला हवी: खर्च आणि गुण एकच असतील, आणि ते १, २, ४, ८ असे दोनच्या घातांत असतील, तर एकही जोडी बाद होत नाही आणि यादी `2^n` पर्यंत फुगते. यादीची लांबी प्रत्येक फेरीनंतर छापा. सारखी दुप्पट होत असेल तर ही रीत सोडा.

पायरी ५: दोन्ही बाजू मोठ्या असतील तर

खर्चही १८ अंकी, मूल्यंही १८ अंकी. आता निर्णय `n` वर.

वस्तू ४० पर्यंत असतील तर हॉरोविट्झ आणि साहनी यांची १९७४ ची रीत: वस्तूंचे २०-२० असे दोन भाग करा, प्रत्येक भागाच्या १०,४८,५७६ निवडी काढा, दोन्ही याद्या खर्चाने लावून वरच्यासारख्याच गाळा. मग पहिली यादी स्वस्ताकडून महागाकडे आणि दुसरी महागाकडून स्वस्ताकडे एकाच फेरीत चालत प्रत्येक जोडीला बसणारा उत्तम जोडीदार शोधा. `W` कितीही मोठा असो, फरक पडत नाही. मात्र ६० वस्तूंना प्रत्येक भागात १०७ कोटी निवडी होतात आणि मेमरी पुन्हा संपते.

वस्तू शेकड्यांत असतील आणि थोडी घट चालत असेल तर इबारा आणि किम यांची १९७५ ची युक्ती. राउंड करायचं, पण मूल्य. सर्वांत मोठं मूल्य `vmax`, सोसवणारी घट `eps`. `K = eps * vmax / n` घ्या, प्रत्येक मूल्याला `K` ने भागून खाली राउंड करा आणि पायरी ३ चा तक्ता चालवा. खर्चाला हात लावलेला नाही, म्हणून निवड कायम निधीत बसते. प्रत्येक वस्तूमागे `K` पेक्षा कमी नुकसान, म्हणजे सगळं मिळून `n * K` च्या आत, आणि ते `vmax` च्या `eps` पटीपेक्षा जास्त नाही. `vmax` वाली वस्तू एकटी निधीत बसते (न बसणाऱ्या पहिल्या पायरीतच काढल्या, ते विसरलात तर हमी तुटते), म्हणून खरं उत्तर निदान `vmax` एवढं असतंच. १०० वस्तू आणि १ टक्का घट धरली तर भागलेलं मूल्य १०,००० च्या आत, सगळ्यांची बेरीज १० लाखांच्या आत, एकूण काम १० कोटी पावलं. मूल्यं १८ अंकी असोत की ३६, आकडा तोच. घट दहापट कमी करा, काम दहापट वाढेल. शून्यच घट हवी म्हणून `K` ला १ पर्यंत खाली ओढलं की भागाकार निरर्थक होतो आणि जुना स्यूडो-पॉलिनोमियल तक्ता परत येतो.

शेकडो वस्तू, दोन्ही आकडे मोठे आणि उत्तर मात्र अचूकच हवं, अशा वेळी ब्रँच अँड बाउंड उरतं, म्हणजे घ्या-सोडा निवडींच्या झाडात ज्या फांदीची वरची मर्यादा हातातल्या उत्तराच्या पुढे जात नाही ती छाटत जाणं. त्याचा पाया स्वस्त आहे: कामं दर रुपयामागच्या गुणांनी लावा, आणि न बसणारं पहिलं काम अर्धवट घेता येतं असं समजा. आपल्याकडे जलकुंभ आणि रस्ता मिळून ४८, उरलेल्या १९ लाखांत गटाराचा १९/३३ भाग म्हणजे १०.९ गुण. एकूण ५८.९. गुण पूर्णांकांत असल्याने कुठलीही निवड ५८ च्या वर जाऊ शकत नाही, आणि हातात ५७ आहेच. एवढ्या अरुंद फटीत बहुतेक फांद्या लगेच छाटल्या जातात. ज्या आकड्यांवर हे काम अडतं ते ओळखायला सोपे आहेत: प्रत्येक वस्तूचं मूल्य म्हणजे तिचं वजन अधिक एक ठरलेला आकडा. तिथे दर रुपयामागचे गुण जवळजवळ सारखेच येतात, वरची मर्यादा कुणालाच छाटत नाही, आणि तास उलटले तरी प्रोग्रॅम चालूच राहतो.